सहजीवन समारंभात दोन्ही घरच्या माणसांशी काय बोलावे

प्रश्न: आम्ही दोघी २०१७ पासून पुण्यात एकत्र राहतो. येत्या डिसेंबरात सत्तरेक माणसांत सहजीवनाचा छोटा समारंभ करणार आहोत. माझे घर सांगलीचे, तिचे नाशिकचे. दोघींचे आईवडील येणार आहेत, पण काका, मावशी, मामा आणि माझी आजी यांना हे अजून पचलेले नाही. काही जण केवळ आईच्या शब्दाखातर येत आहेत. या मंडळींशी समारंभात नेमके काय बोलावे? माफी मागितल्यासारखे वाटू नये आणि भाषण ठोकल्यासारखेही वाटू नये. एखादा मसुदा मिळाला तर फार बरे होईल.

उत्तर: पहिली गोष्ट अशी करा की, तुमची एकमेकींना द्यायची वचने आणि नातेवाइकांशी करायचे बोलणे हे दोन वेगळे कागद ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांनी हे दोन्ही एकत्र कालवलेले असते. वचन देता देता मध्येच एक वाक्य काकांसाठी, एक वाक्य आईसाठी असे ते चालते, आणि परिणामी वचन ऐकणाऱ्या जोडीदाराकडे पाहून दिले जात नाही व काकांनाही आपल्याशी कोणी सरळ बोलले असे वाटत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या लग्नात ही अडचण येत नाही, कारण तिथे नातेवाइकांना उद्देशून कोणी काही बोलतच नाही. गुरुजी मंत्र म्हणतात, मंगलाष्टका होतात, अक्षता पडतात आणि मंडळी जेवायला उठतात. आपण कशाला आलो आहोत, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या समारंभात मात्र निम्म्या मंडळींच्या मनात पहिल्या मिनिटापासून हाच प्रश्न असेल की आता इथे काय होणार आणि आपण काय करायचे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या कानावर दुसरे काहीही नीट पडत नाही. म्हणून नातेवाइकांशी बोलणे आधी आणि वचने नंतर, हा क्रम मी सहसा मोडत नाही.

या बोलण्याला तीन मिनिटे पुरतात. सभेत सावकाश, श्वास घेत वाचलेले मराठी मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द पुढे सरकते. म्हणजे तीनशे शब्द तुमच्या हातात आहेत, फार तर साडेतीनशे. मसुदा याहून लांबला की समजावे, त्यात समजूत घालणे शिरले आहे.

आता त्यात काय असू नये, हे आधी सांगते, कारण बिघडते ते तिथेच. जवळजवळ प्रत्येक पहिल्या मसुद्यात हे वाक्य असते: "तुम्ही सर्वांनी आम्हांला स्वीकारलेत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत." तुमच्या काकांनी तुम्हांला अजून स्वीकारलेले नाही. ते वहिनीच्या शब्दाखातर आले आहेत, आणि ही गोष्टसुद्धा त्यांच्या दृष्टीने लहान नाही. जे त्यांनी दिलेले नाही त्याबद्दल सत्तर माणसांसमोर त्यांचे आभार मानले की त्यांना कोंडीत पकडल्यासारखे होते. नाकारावे तर तमाशा, गप्प बसावे तर संमती. हे झाले की सभागृहात लगेच दिसते. हाताची घडी पडते, मोबाइल बाहेर निघतो, आणि एखादे गृहस्थ गाडी नीट लावली आहे ना हे पाहायला बाहेर जातात ते जेवणाच्या वेळेपर्यंत परत येत नाहीत. त्यामुळे आभार फक्त येण्याचे माना. येणे ही घडलेली गोष्ट आहे, त्यावर कोणाचा आक्षेप असू शकत नाही. त्याच न्यायाने "आशीर्वाद द्या" अशी उघड मागणीही नको, आणि पाश्चात्त्य समारंभांतून अलीकडे आलेली, पाहुण्यांनी एकसुरात "आम्ही साथ देऊ" असे म्हणण्याची पद्धत तर मुळीच नको. जी माणसे अजून ठरवत आहेत त्यांच्याकडून सामूहिक होकार वदवून घेतला, तर काही जण ओठ मिटून बसतात आणि त्यांचे मिटलेले ओठ शेजारच्यांना दिसतात. तुमच्या आजीला त्या जागी बसवू नका.

दुसरे असते ते प्रबोधन. खजुराहो, शिखंडी, पाश्चात्त्य देशांचे कायदे, प्राण्यांमधील उदाहरणे हे सारे मसुद्यात हमखास येते, आणि मी ते हमखास खोडते. त्यात खोटे काही असते म्हणून नव्हे. पण युक्तिवाद ऐकला की माणूस प्रतिवाद शोधू लागतो, आणि त्या तीन मिनिटांत तुम्हांला प्रतिवाद शोधणारे काका नको आहेत. ज्यांना प्रश्न आहेत त्यांना तुमच्या एखाद्या समंजस भावाने किंवा वहिनीने आदल्या संध्याकाळी चहाबरोबर उत्तरे द्यावीत. "लग्नाचे शब्द आपल्या मनाने कसे बदलता येतात," असे कोणी विचारलेच, तर त्या संध्याकाळी पुण्याचेच उदाहरण देता येईल. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याच वर्षाच्या अखेरीस पुरोहिताशिवाय सत्यशोधक विवाह होऊ लागले, आणि फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर त्यांबाबत वचन देतो. म्हणजे स्वतःच्या शब्दांत वचन देण्याची रीत आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. पण ही माहिती चहाच्या वेळची. समारंभातील तीन मिनिटांत ती आणू नका.

कायद्याविषयी मात्र एक वाक्य समारंभातच बोलावे, आणि ते अगदी कोरडे असावे. नात्यातील एखादे निवृत्त सरकारी अधिकारी शेजारच्याच्या कानात "हे कायद्याने चालते का?" असे विचारणारच आहेत, तेव्हा उत्तर तुमच्याकडूनच गेलेले बरे. वस्तुस्थिती अशी आहे की, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध वगळले, त्यामुळे तुमच्या एकत्र राहण्यात बेकायदेशीर काही नाही; परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय संसदेचा आहे असे सांगितले. त्यामुळे विशेष विवाह कायद्याखाली तुमची नोंदणी होत नाही. म्हणून तुमच्या निमंत्रणात, सूत्रसंचालनात आणि वचनांत "विधिवत विवाहबद्ध" यासारखे शब्द टाळा. तुमच्या दृष्टीने ते लग्नच असले, आणि तसे म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क असला, तरी ज्यांना आधीच शंका आहे त्यांना एक चुकीचा शब्द सापडला की ते बाकीचे सगळे बोलणे त्या शब्दावर तोलतात.

आता बोलण्याचा गाभा. माझ्या मते तो दोनच गोष्टींचा असावा: गेल्या आठ वर्षांत काय घडले त्यातील दोन-तीन घटना, आणि एक मागणे.

घटना निवडताना एकच कसोटी लावा. ती घटना ऐकताना सभागृहातील किमान एका वडीलधाऱ्या माणसाने मनात "हो, तेव्हा मी तिथे होते" असे म्हटले पाहिजे. तुम्ही हिमाचलच्या सहलीत एकमेकींना प्रथम काय सांगितले, ही तुमच्या मैत्रिणींसाठी सुंदर गोष्ट आहे, पण मावशीसाठी ती परकीच नव्हे तर अवघड आहे. ती कुठे पाहावे हे न कळून पदर सावरत बसेल. याउलट वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर तुमची जोडीदार बसून होती आणि सकाळी काकांना चहा तिनेच आणून दिला, हे काकांनी स्वतः पाहिलेले आहे. ते तिला तेव्हा "पुतणीची मैत्रीण" म्हणून ओळखत होते. त्या रात्रीच्या माणसाला आज वेगळे नाते मिळते आहे, एवढेच त्यांना पचवायचे आहे, आणि माणूस आधीच ओळखीचा असल्यामुळे ते पुष्कळ सोपे जाते. फक्त ज्यांच्या आजारपणाचा किंवा अडचणीचा उल्लेख येणार आहे त्यांना ते वाक्य आधी वाचून दाखवा आणि त्यांची हरकत असेल तर निमूट काढून टाका.

मागण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण समजून घ्या, प्रेम करा, साथ द्या असल्या मोघम विनंत्यांचे नातेवाईक काहीच करू शकत नाहीत. उद्या सकाळी उठून साथ देणे म्हणजे काय करायचे? आणि तुमच्या बाबतीत तर एक अगदी ठोस कारण आहे. कायदा तुम्हां दोघींना एकमेकींची नातेवाईक मानत नाही, पण समोर बसलेल्या मंडळींना मानतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर अविवाहित आणि निपुत्रिक स्त्रीची स्वकष्टाची मिळकत आधी आईवडिलांकडे आणि ते हयात नसल्यास वडिलांच्या वारसांकडे जाते, म्हणजे भाऊ, बहीण, काका यांच्याकडे. रुग्णालयातही "जवळचे नातेवाईक कोण?" या प्रश्नाला ही मंडळी पुढे झाली तर त्यांना कोणी अडवत नाही, अडते ती तुमची जोडीदार. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि एकमेकांना नॉमिनी करता येते. तेवढे तुम्ही केले असेलच. पण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक ठरत नाही, त्यामुळे दोन साक्षीदारांच्या सहीचे मृत्युपत्र दोघींनीही समारंभाआधी करून ठेवावे. हे केल्यावरही कागदाच्या पलीकडचे जे उरते, ते याच सत्तर माणसांच्या हातात असते. म्हणून माझे सांगणे असते की मागणे एकच असावे आणि ते अशा प्रसंगाचे असावे, ज्या प्रसंगी अजून न रुळलेला काकासुद्धा ते सहज पार पाडू शकेल.

आणखी एक वाक्य छायाचित्रांविषयी हवे. अशा समारंभाला कुरकुरत येणाऱ्या माणसांची खरी धास्ती पुष्कळदा तत्त्वाची नसते, व्हॉट्सअ‍ॅपची असते. धाकट्या मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे, गावी भावकीत बोलणे होईल, कार्यालयात कोणी विचारेल. ही भीती तुम्हांला पटो न पटो, पण ती ओळखून तुम्ही स्वतःहून तिची सोय केलीत, तर समोरची माणसे डोळ्यांदेखत सैल होतात. मी पाहिले आहे की या वाक्यानंतर मागच्या रांगेतील मंडळी पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसतात.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून आणि काही तपशील धरून चालून मसुदा असा होईल. तपशील तुमचे तुम्ही बदला. वाक्यांची चाल शक्यतो तशीच ठेवा.

"आजी, काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी आणि दोन्ही घरची सगळी मंडळी, तुम्हां सर्वांना आम्हां दोघींचा नमस्कार.

तुम्ही आज आलात. कोणी सांगलीहून पहाटे निघालात, कोणी नाशिकहून रात्रीच येऊन राहिलात. येण्याआधी तुमच्यापैकी काहींनी पुष्कळ विचार केला, हे आम्हांला ठाऊक आहे, आणि तो विचार आज संपला असे आम्ही धरून चाललेलो नाही. तरीही आलात, याबद्दल मनापासून आभार.

आम्ही दोघी २०१७ पासून एका घरात राहतो. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा रात्रभर दवाखान्यात हीच बसून होती. हिच्या आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालायला मी नाशिकला जाऊन राहिले होते. तुम्ही आम्हांला तेव्हा मैत्रिणी म्हणून पाहिलेत. आम्ही एकमेकींच्या जोडीदार आहोत, आणि पुढचे सगळे आयुष्य आम्ही एकमेकींसोबत काढणार आहोत. हे तुम्हांला कोणाकडून कळण्याऐवजी आमच्या तोंडून कळावे, म्हणून तुम्हांला बोलावले.

आज इथे जे होणार आहे, त्याची कायद्याने विवाह म्हणून नोंद होत नाही. जे कागद करता येतात ते आम्ही केले आहेत.

जे कागदाने होत नाही, तेवढे एक मागणे तुमच्याकडे आहे. आमच्यापैकी एकीला कधी काही झाले, तर पहिला फोन दुसरीला करा. आणि दवाखान्यात कोणी 'ही कोण?' असे विचारले, तर 'घरची आहे' एवढे सांगा.

बाकी कशाचीही घाई नाही. काय म्हणून हाक मारावी हे सुचले नाही, तर नावाने मारा. बाहेर कोणी विचारले तर काय सांगायचे, किती सांगायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. आजचे फोटो कोणीही, आम्हीसुद्धा, ज्यांचे आहेत त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकणार नाही.

आता आम्ही एकमेकींना वचने देऊ. त्यात तुम्हांला काही म्हणायचे नाही. नंतर अक्षतांचे ताट त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेले आहे. ज्यांना वाटेल त्यांनी घ्याव्यात. मग पाने मांडली आहेत. जेवल्याशिवाय कोणी जायचे नाही."

या मसुद्यातील दोन-तीन जागांविषयी सांगते, म्हणजे बदल करताना त्या निसटणार नाहीत. "जोडीदार" हा शब्द एकदाच, पूर्ण वाक्यात आणि न अडखळता आला पाहिजे. तो टाळून "आम्ही एकत्र राहतो" एवढ्यावर थांबलात तर आजीला बरे वाटेल, पण संध्याकाळपर्यंत अर्धे सभागृह "नुसती मैत्रीच आहे हो" असे एकमेकांना सांगून मोकळे होईल आणि तुम्हांला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल. मृदूपणा बाकी सगळीकडे चालेल, या एका वाक्यात नाही. "तो विचार आज संपला असे आम्ही धरून चाललेलो नाही" हे वाक्य तुमच्या मैत्रिणींना कदाचित फार नमते घेतल्यासारखे वाटेल आणि त्या ते काढायला सांगतील. ते काढू नका. माफी मागितल्यासारखे होते ते "आमच्यामुळे तुम्हांला त्रास झाला", "आमचे काही चुकले असेल तर" अशा वाक्यांनी, आणि ती मसुद्यात कुठेही नाहीत. समोरच्याला वेळ देणे म्हणजे स्वतःला चूक ठरवणे नव्हे, आणि ऐकणाऱ्यांनाही हा फरक बरोबर कळतो. नावाने हाक मारण्याविषयीचे वाक्य मात्र निव्वळ सोयीचे आहे. सून म्हणावे की आणखी काही, या प्रश्नावर घरोघरी जेवढे डोके शिणते तेवढे दुसऱ्या कशावर शिणत नाही, आणि नावाने हाक मारायची मुभा मिळाली की तो प्रश्न निदान काही वर्षे बाजूला राहतो.

अक्षतांचे सांगितले ते फार महत्त्वाचे आहे. लग्नात दारातच प्रत्येकाच्या तळहातावर अक्षता देण्याची आपली पद्धत आहे. तुमच्या समारंभात तसे करू नका. तळहातावर दिलेल्या अक्षता नाकारणे म्हणजे चारचौघांत नकार देणे, आणि घेऊन मुठीत धरून ठेवणे हेही शेजाऱ्याला दिसते. ताट एका बाजूला ठेवले की ज्याला टाकायच्या तो उठून घेतो, ज्याला नको तो बसून राहतो, आणि बसून राहण्याचा कोणी अर्थ लावत नाही, कारण गुडघ्यांमुळेही निम्मी मंडळी बसूनच असतात. शब्दांवाचून होकार देण्याची ही वाट अवघडलेल्या माणसांना बोलण्यापेक्षा सोपी जाते; म्हणून मी अक्षता शक्यतो वगळू देत नाही, जोडपे कितीही नास्तिक असले तरी.

त्याच कारणाने, तुमच्या नात्यात मंगलाष्टका रचून म्हणणारी एखादी आत्या किंवा मामी असेल, तर तिला आधी एकटीला विचारून पाहा. प्रत्येक घरात अशी एक असतेच, आणि तिच्या वहीत सगळ्या भाच्यांची लग्ने शार्दूलविक्रीडितात बांधलेली असतात. तिला फक्त एवढे सांगा की वधू-वर, कन्यादान, वंश हे शब्द यात बसणार नाहीत; दोन घरे एकत्र आली, यावर रचना करा. "झाली दोन घरे समीप, जुळली नाती नव्याने अशी" एवढी सुरुवात तिच्या हातात दिली तर पुढच्या तीन ओळी तीच करील आणि शेवट "कुर्यात् सदा मंगलम्" असाच होईल, जो आजीलाही पाठ आहे. तिने नको म्हटले तर तिथेच थांबावे, आईकरवी गळ घालू नये. अर्थात कन्यादान तुमच्या समारंभात नाहीच, आणि मुलाकडचे कोण, मुलीकडचे कोण, हा प्रश्न कार्यालयाचे व्यवस्थापक आणि आजी असे दोघेही विचारणार आहेत. दोन्ही घरे सारखी, मानपान नाही, पहिल्या पंगतीला दोन्हीकडचे वडीलधारे, एवढे उत्तर दोन्ही आयांनी आधीच एकमेकींशी बोलून ठरवून ठेवावे.

वचने तुमची तुम्ही लिहा, त्यात मी फारशी ढवळाढवळ करत नाही. फक्त प्रत्येकीच्या वचनांत एक ओळ दुसरीच्या आईवडिलांविषयी असावी, आणि तीही ठोस. "तुझ्या आईबाबांच्या म्हातारपणी मी तुझ्याबरोबर उभी राहीन" हे वाक्य सभागृहातील वडीलधाऱ्यांना थेट कळते, कारण मुलीचे पुढे कसे होणार आणि आमचे कोण पाहणार, या दोन काळज्या त्यांच्या विरोधामागे बहुधा असतातच. काही जोडपी सप्तपदीच्या ऐवजी "धर्मे च अर्थे च कामे च नातिचरामि" एवढेच घेतात. रूढ विधीत ते वराने म्हणायचे असते. इथे दोघींनी म्हणावे. ज्यांना संस्कृत ऐकल्याशिवाय काही घडले असे वाटत नाही त्यांचीही सोय होते, आणि त्या शब्दांत न पटणारे काही नाही.

प्रत्यक्ष वाचनाचे म्हणाल, तर वरचा मजकूर तुम्ही दोघींनी आळीपाळीने वाचू नका. आपापल्या घरच्यांशी आपापल्या मुलीने बोलावे असा मोह होतो, पण माइक देण्याघेण्यात सलगपणा जातो. एकीने वाचावा, दुसरी शेजारी उभी असावी, आणि कोण वाचणार हे ज्या घरची मंडळी अधिक अवघडलेली आहेत त्यावर ठरवावे. तुमच्या सांगण्यावरून ते घर सांगलीचे दिसते, म्हणजे तुम्ही वाचावे. मजकूर मोठ्या अक्षरात छापून, जाड कागदावर हातात धरा. मोबाइलवरून वाचू नका, कारण नेमक्या त्याच वेळी कोणाचा तरी शुभेच्छांचा फोन येतो. "जोडीदार आहोत" या वाक्यानंतर आणि "घरची आहे" या शब्दांनंतर मनात पाच अंक मोजण्याइतके थांबा आणि त्या वेळात कोणाच्याही चेहऱ्याकडे टक लावून पाहू नका. आईकडे तर नाहीच, ती रडली की तुमचाही आवाज जाईल. आवाज गेलाच तर उरलेला मजकूर वाचायला एक माणूस आधी नेमून ठेवा, आणि तो मित्रमंडळींतला नव्हे, नात्यातलाच असू द्या.

बोलणे चालू असताना कोणी उठून गेले तर वाचन थांबवू नका, आणि त्यांच्या मागे कोणाला धावू देऊ नका. जेवणाच्या वेळी एखाद्या चुलत भावाने "काका, पान वाढले आहे" एवढेच सांगायला बाहेर जावे. त्यावर ते आत आले तर कोणीही काही विचारू नये, हे तरुण मंडळींना बजावून ठेवा. तरुणांच्या उत्साहाचा या प्रसंगी वडीलधाऱ्यांच्या रुसव्यापेक्षा जास्त उपद्रव होतो. टाळ्या आणि शिट्ट्या वचनांनंतर होऊ द्या, या तीन मिनिटांत नकोत.

राहिली आजी. तिला हे सगळे प्रथम सभागृहात ऐकायला लावू नका. समारंभाच्या आठवडाभर आधी सांगलीला जा, हाच मजकूर तिच्याजवळ बसून वाचा, आणि जोडीदाराला त्या वेळी सोबत नेऊ नका, म्हणजे आजीला मनात येईल ते बोलता येईल. ती जे बोलेल त्यावर त्या दिवशी उत्तर देऊ नका. दवाखान्याचे मागणे ऐकून वडीलधारी माणसे पुष्कळदा "असले अभद्र कशाला बोलतेस?" म्हणून रागावतात, तिला तसे वाटले, तर तेवढा परिच्छेद "कधी अडीअडचण आली तर" असा सौम्य करून घ्या, मागणे मात्र तेच ठेवा. आणि समारंभात तिच्या खुर्चीची जागा दाराजवळ, पंख्याखाली, तुमच्या आईच्या शेजारी असू द्या, म्हणजे तिला मध्येच उठावेसे वाटले तर कोणाच्या समोरून जावे लागणार नाही.